बाकावर बसून लिहिलेलं उत्तर

आमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसातले हेडक्लार्क, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो, त्यांनी माझी नोकरी वाचवली. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी कुठे घसरले, कुठे रडले, तर निदान ही गोष्ट राहून जायला नको. ते बदलापूरचे, हेंद्रेपाड्यातले. घरची जुनी भातशेती, पण स्वतः आयुष्यभर टेबलाशी. बोलायला फार तिखट. त्यांच्या टेबलासमोर उभं राहायची वेळ आली की मला घाम फुटायचा, आणि ते कधी आपण होऊन कुणाशी दोन शब्द गोड बोललेत असं मी पाहिलं नाही. तरी त्या आठवड्यात जे माझ्यासाठी केलं ते त्यांनीच.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्हींपैकी एका गावातलं ते सरकारी हॉस्पिटल. नेमकं कुठलं ते सांगत नाही; तिथले लोक अजून आहेत आणि वाईट कुणीच नव्हतं. मी तिथे आया होते. कायम नव्हे. एकोणतीस दिवसांची ऑर्डर निघायची, मग एक दिवस खंड, मग पुन्हा ऑर्डर. खंडाचा तो दिवस मला खायला उठायचा. पुढच्या ऑर्डरवर सही झाली की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेल्यावरच कळायचं. तोवर मी अंबरनाथच्या खोलीत बसून डबे घासायची, घासलेले परत घासायची.

माझं गाव परभणीकडचं. शाळा सहावीत सुटली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर अंबरनाथला आले, तो एका रंगाच्या कंपनीत होता. कंपनी बंद पडली तेव्हा तो कामासाठी सुरतेला गेला. आधी पत्रं आली. मग एकदा कुणाच्या तरी हाती निरोप आला. मग काहीच आलं नाही. गावी परत जावं तर सगळे विचारणार, तो कुठाय. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी गेलेच नाही. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी हॉस्पिटलात आया घेताहेत असं सांगितलं, आणि मी तिथे लागले. पुढे त्या बाईही मुलाकडे पनवेलला राहायला गेल्या.

मला ड्युटी मिळाली ती मेडिसिनच्या ओपीडीच्या दारावर. मंगळवार हा जुन्या पेशंटचा दिवस. बीपीचे, शुगरचे, दम्याचे. वांगणीपासून लोक यायचे. पद्धत अशी, की पेशंटने खिडकीवर आपलं छोटं कार्ड द्यायचं. खिडकीवरचा क्लार्क रेकॉर्डमधून त्याचा जुना केसपेपर शोधून काढायचा. पंधरा-वीस पेपर जमले की त्यांचा गठ्ठा बांधून शिपायाबरोबर आमच्या दाराशी पाठवायचा. मी तो गठ्ठा आत नेऊन डॉक्टरांच्या टेबलावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. डॉक्टर वरचा पेपर उचलायचे, नाव सांगायचे, मी दारात येऊन ते नाव मोठ्याने पुकारायची.

दिवसभरात माझं बोलणं म्हणजे ही नावं. दुसऱ्यांची. माझ्या नावाने मला हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं. तेव्हा माझं वय तिशीच्या आत-बाहेर होतं, पण आयाला सगळे मावशीच म्हणतात. साठीचे म्हातारेसुद्धा म्हणायचे, "मावशी, जरा बघा ना आमचं." संध्याकाळी खोलीत आले की घसा बसलेला असायचा आणि बोलायला कुणी नसायचं, म्हणून ते कुणाला कळायचंही नाही. कधी कधी मी उगाचच दिवसभरातली नावं पुन्हा म्हणून बघायची. हळू आवाजात. खोलीत माणसं असल्यासारखं वाटायचं.

त्या बाकांवरची माणसं मला तोंडपाठ झाली होती. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची सून दुसरीकडे राहायला गेली, कोण गोळ्या अर्ध्याच घेतं. ती मला आपली वाटायची. आणि त्यांच्यातल्याच एकाने माझ्याविरुद्ध लिहिलं.

वांगणीचे एक रिटायर झालेले शाळामास्तर होते. दर मंगळवारी बायकोला घेऊन यायचे, तिला बीपी आणि शुगर दोन्ही. खिडकी उघडायच्या आधी येऊन उभे राहायचे, पहिल्या पाच-सहांतच त्यांचं कार्ड असायचं. आणि तरी त्यांचा नंबर कितीतरी वेळा दुपार उलटायला आली की लागायचा. त्यांची बायको उपाशीपोटी यायची, रक्त द्यायचं म्हणून. एका मंगळवारी ती बाकावरच कलंडली. मी धावत जाऊन पाणी दिलं, सिस्टरनी साखर दिली. मास्तर काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आभार मानायचेत आणि शब्द सुचत नाहीत.

चार दिवसांनी त्यांचं पत्र आलं. सुपरिंटेंडेंट साहेबांच्या नावाने, रजिस्टर पोस्टाने, आणि खाली लिहिलेलं की एक प्रत वरच्या ऑफिसला पाठवली आहे. आवक-जावकला बसणाऱ्या ताईंनी मला ते जिन्याखाली नेऊन वाचून दाखवलं. पहिलं पान सगळं खरं होतं. सकाळी आल्यावर दुपारपर्यंत थांबावं लागतं, बसायला जागा अपुरी, पिण्याचं पाणी नाही, पत्नीला चक्कर आली. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'दारावरील आया ओळखीच्या लोकांना आधी सोडते. दहा वाजता आलेले लोक तपासून निघून जातात व आठ वाजता आलेले बसून राहतात, हे मी वारंवार पाहिले आहे. यामागे काय व्यवहार असावा, हे सांगण्याची गरज नाही.'

"व्यवहार म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, पैसे खातेस म्हणतोय तो," ताई म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, आईशपथ, मी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही."

"मला माहीत आहे गं. पण वर प्रत गेली आहे ना. आता उत्तर द्यावं लागतं. काय तक्रार, काय चौकशी केली, काय कारवाई केली, सगळं लिहून." मग त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "साहेब सकाळी भाऊसाहेबांना सांगत होते, ती टेंपररी आहे ना, तिची पुढची ऑर्डर काढू नका. कारवाई केली असं लिहिता येईल."

माझी ऑर्डर पुढच्या आठवड्यात संपणार होती.

त्या दिवशी घरी जाताना मी अंबरनाथ स्टेशनबाहेर किती तरी वेळ उभी राहिले. रिक्षावाले ओरडत होते, कारखान्यातून सुटलेले लोक सायकली ढकलत चालले होते. एवढ्या गर्दीत ही गोष्ट सांगावी असं एकही माणूस नव्हतं. सुरतेचा पत्ता माझ्याकडे होता, पण त्या पत्त्यावरून दोन वर्षं उत्तर आलं नव्हतं. गावी भाऊ होता, त्याला लिहावं तर तो म्हणणार, ये निघून. आणि निघून जाऊन मी काय सांगणार होते? नवरा गेला, आता नोकरीही पैसे खाल्ल्याचा आळ घेऊन गेली? खोलीत गेल्यावर मी भात टाकला आणि तो उतरवायचं विसरले. जळका वास येईपर्यंत मला पत्ताच नव्हता.

सोमवारी भाऊसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर मास्तरांचं पत्र, त्याला टाचलेला कोरा कागद. मी आत शिरतानाच रडायला लागले.

"हां, झालं," ते म्हणाले. "आधी रडून घ्या. मला तेवढ्यात दोन बिलं पास करता येतील."

मी पदराने डोळे पुसले.

"पैसे घेता?"

"नाही हो साहेब."

"ओळखीच्यांना आधी सोडता?"

"माझी इथे ओळख कुणाशी आहे, साहेब?"

हे मी काही बाणेदारपणे म्हटलं नाही. खरंच विचारलं. त्यांनी पत्राचं दुसरं पान उलटलं.

"मग दहावाला आठवाल्याच्या आधी जातो कसा?"

"डॉक्टर साहेब नाव सांगतात, मी पुकारते. मला दुसरं काही माहीत नाही."

"पण जातो ना?"

मी मान डोलावली. कारण जात होता. मलाही ते दिसायचं. पण डॉक्टर सांगतील ते नाव घ्यायचं एवढंच माझं काम, त्यामागे काही कारण असेल असं मी धरून चालले होते. आजार जास्त असेल, असं काहीतरी.

"बरं," ते म्हणाले. "मला ह्या मास्तराला उत्तर लिहायचंय. क्षमा मागायची म्हणजे कशाची मागायची ते तरी कळायला पाहिजे. जा तुम्ही. उद्या नेहमीसारखं काम करा. मी दिसलो तर ओळख दाखवायची नाही."

भाऊसाहेबांना स्वतःला बीपी होतं. त्यांचा जुना केसपेपर होताच, पण ते कधी बाकावर बसले नव्हते. डॉक्टर जाता-येता ऑफिसातच त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचे. त्या मंगळवारी मात्र ते सकाळी खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभे. पायजमा-शर्ट, हातात कापडी पिशवी. खिडकीवरच्या क्लार्कने दचकून, "साहेब, तुम्ही कशाला, द्या इकडे," असं म्हटलं तर त्याच्यावरच डोळे वटारले. कार्ड दिलं, चौथा नंबर लागला, आणि बाकावर येऊन बसले.

मी दारात. त्यांच्याकडे न बघता उभी होते.

त्यांच्या एका बाजूला उल्हासनगर कॅम्पातली एक सिंधी आजी होती, नेहमीची. दुसऱ्या बाजूला बदलापूरकडची एक आगरी बाई, पाटीत भाजी विकून येणारी. आजीने भाऊसाहेबांकडे जरा बघितलं आणि म्हणाली, "पहली बार आये हो, भाईसाब?"

"हां."

"तभी इतना सीधा बैठे हो. टेका लगाओ, टेका लगाओ. अभी तो डॉक्टर वार्ड में घूम रहा है."

"ओपीडीची वेळ तर झाली," भाऊसाहेब म्हणाले.

आगरी बाई हसली. "येल झाली त काय झाला? वार्डान जे झोपल्यान त्यांना आदी बगतील ना. मंग आपला. तुमी घरशी काय खाऊन आलाव का नाय?"

"नाही."

"मंग मेलाव," ती म्हणाली, आणि पिशवीतून अर्धी भाकरी काढून त्यांच्यासमोर धरली. भाऊसाहेबांनी ती घेतली. मी डोळे मोठे करून बघत राहिले. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा पेढाही न खाणारा माणूस.

तोवर पहिला गठ्ठा आला, मी आत नेऊन ट्रेमध्ये ठेवला. डॉक्टर आले नव्हते. दुसरा गठ्ठा आला. तो नेऊन ठेवला. तिसरा आला. वॉर्डात त्या दिवशी कुणीतरी सीरियस होतं, दोनच डॉक्टर, दुसरे डॉक्टर ऑपरेशनला. अखेर डॉक्टर घाईघाईने आले, बसले आणि पेपर उचलायला लागले. मी नावं पुकारायला लागले. एक उठला, दुसरा उठला. भाऊसाहेब बघत होते. उठणारे सगळे बाकाच्या शेवटच्या टोकाचे, उभे असलेले, आत्ता-आत्ता आलेले.

"देखा?" आजी म्हणाली. "जो देर से आता है उसकी चाँदी. मैं तो बोलती हूँ, कल से दस बजे आऊँगी. फिर सोचती हूँ, नींद तो आती नहीं, घर में बैठ के क्या करूँ."

"तुमची आतमदी वलख नाय वाटतं?" आगरी बाईने भाऊसाहेबांना टोमणा मारला. "नाय त ही मावशी गेली असती घेऊन."

मला ते ऐकू आलं. मी खाली बघितलं. मास्तरांनी पत्रात लिहिलं होतं ते म्हणजे एकट्याचं मत नव्हतं. सगळा बाक तेच धरून चालला होता, आणि तरी मला रोज पाणी विचारत होता, सुनांच्या गोष्टी सांगत होता. ज्यांची नावं मी संध्याकाळी खोलीत घ्यायची, ते सगळे मला पैसेखाऊ समजत होते आणि तरी हसून बोलत होते. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण हे त्याहून जास्त लागलं. त्या दारात मी इतकी एकटी त्याआधी कधी झाले नव्हते.

चौथा गठ्ठा आला तेव्हा मी तो घेऊन आत निघाले आणि भाऊसाहेब उठून माझ्या मागोमाग दारापर्यंत आले. मी गठ्ठा ट्रेमध्ये ठेवला. तसाच, रोजच्यासारखा. आधीच्या गठ्ठ्यावर.

"थांबा," ते म्हणाले. एवढंच. डॉक्टरांनीही मान वर केली.

"साहेब, तुम्ही वरून उचलता," भाऊसाहेब डॉक्टरांना म्हणाले.

"मग काय खालून ओढू?" डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही इथे काय करताय?"

"वाट बघतोय. माझा पेपर सगळ्यात खाली आहे. सकाळपासून."

डॉक्टरांनी ट्रेकडे पाहिलं. मी पाहिलं. सिस्टरनी पाहिलं. ज्या दिवशी डॉक्टर वेळेवर बसायचे त्या दिवशी दुसरा गठ्ठा येईपर्यंत पहिला संपलेला असायचा, काही बिघडायचं नाही. पण वॉर्डात उशीर झाला की गठ्ठ्यावर गठ्ठा पडायचा, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी आलेल्यापासून सुरुवात करायचे. मग मधेच नवा गठ्ठा आला की तो पुन्हा वर. जो सगळ्यात लवकर आला तो तळाला, खिडकी बंद होईपर्यंत. मला कामाला लावताना आधीच्या आयाने दाखवलं होतं, हे असं ठेवायचं. तिला तिच्या आधीच्या आयाने. डॉक्टर बदलून गेले, सिस्टर बदलून गेल्या, ट्रे तोच राहिला.

मी खालचा पहिला गठ्ठा काढून वर ठेवला. घाईत दोन पेपर जमिनीवर पडले. डॉक्टर म्हणाले, "राहू दे, राहू दे, पायाखाली येतील." मग मी दारात जाऊन पहिलं नाव पुकारलं. ते वांगणीच्या मास्तरांच्या बायकोचं होतं. दोघंही उठून उभे राहिले, आणि मास्तर पुन्हा माझ्याकडे तसेच बघत राहिले.

संध्याकाळी मी सुपरिंटेंडेंट साहेबांच्या केबिनबाहेर उभी होते. आवक-जावकच्या ताईंनीच सांगितलं होतं, उभी राहा, बोलावलं तर लागशील. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हे काय लिहिलंय तुम्ही?" साहेब म्हणत होते. "'कार्यालयाच्या व्यवस्थेतील दोषामुळे.' वर प्रत जाणार आहे, भाऊसाहेब. मी स्वतःच्या सहीने लिहून देऊ की आमचीच चूक?"

"आपलीच आहे ना, साहेब."

"त्या आयाने गठ्ठे चुकीचे ठेवले. तसं लिहा. कर्मचाऱ्याला कमी करण्यात आलं. विषय संपला."

"तिला ज्यांनी शिकवलं त्यांना कोण कमी करणार? तीही टेंपररीच होती, गेली. आणि समजा लिहिलं तसं. पुढच्या मंगळवारी नवी बाई येईल, गठ्ठे तसेच ठेवील, मास्तर पुन्हा रजिस्टर पोस्ट करतील. रिटायर माणूस आहे, साहेब. त्याला दुसरं काम नाही. तेव्हा कुणाला कमी करायचं? डॉक्टरांना?"

कागद पुन्हा उचलल्याचा आवाज आला.

"मी सकाळपासून तिथे बसलो होतो," भाऊसाहेब म्हणाले, जरा हळू आवाजात. "बाक आठ जणांचा आहे, वीस जण बसतात. मला भाकरी दिली एका बाईने. बावीस वर्षं मी इथे नोकरी करतोय, आणि तक्रारींना उत्तरं लिहितोय. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आज पहिल्यांदा कळलं कशाबद्दल."

साहेबांनी सही केली. 'दोषामुळे' हा शब्द बदलून 'त्रुटीमुळे' केला, तेवढंच. साहेबही वाईट नव्हते, घाबरलेले होते. मला घाबरलेलं माणूस ओळखता येतं.

ते उत्तर मला ताईंनी टाइप होताना वाचून दाखवलं. नंतर त्याची फायलीतली प्रत मी स्वतः कितीदा तरी अक्षर लावून वाचली, म्हणून अजून पाठ आहे.

'महोदय, आपला तक्रार अर्ज मिळाला. आपल्या पत्नीस तपासणीसाठी दीर्घकाळ थांबावे लागले व त्या काळात त्यांना चक्कर आली, याबद्दल हे कार्यालय आपली व त्यांची मनःपूर्वक क्षमा मागते. चौकशीत असे आढळले की, वॉर्डातील दाखल रुग्णांची तपासणी आधी करणे आवश्यक असल्याने बाह्यरुग्ण विभाग उशिरा सुरू होतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने हा उशीर लगेच पूर्णपणे टाळता येणार नाही, हे प्रांजळपणे कळवीत आहोत. तथापि, केसपेपर ठेवण्याच्या पद्धतीतील त्रुटीमुळे आधी आलेल्या रुग्णांस उलट अधिक थांबावे लागत होते. ही पद्धत बदलली असून यापुढे प्रत्येक केसपेपरवर लाल पेन्सिलने क्रमांक टाकला जाईल व त्याच क्रमाने तपासणी होईल. रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी येणाऱ्या रुग्णांचे रक्त आधी घेण्याची व त्यानंतर त्यांना खाण्यास मुभा देण्याची व्यवस्था केली आहे. पिण्याच्या पाण्याचे पिंप बाकाशेजारी ठेवले आहे. दारावरील कर्मचाऱ्याविरुद्ध आपण व्यक्त केलेल्या संशयास कोणताही आधार आढळला नाही. सदर कर्मचारी त्यांना देण्यात आलेल्या सूचनेप्रमाणे काम करीत होत्या.'

शेवटची दोन वाक्यं वरच्या ऑफिसलाही गेली. माझ्यावर आळ नाही, असं सरकारी शिक्क्यानिशी.

पुढच्या मंगळवारी मास्तर आले. बायकोचं रक्त आधीच झालं होतं, ती पिंपाशेजारी बसून डब्यातलं थालीपीठ खात होती. मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात ते उत्तर, चार घड्या घातलेलं.

"बाई," ते म्हणाले. मावशी नाही, बाई. "मी ते वाक्य लिहायला नको होतं. मी परत एक पत्र देतो, ते वाक्य मागे घेतो म्हणून."

नेमके भाऊसाहेब तिथून चालले होते. ते थांबले.

"अजिबात नको," ते म्हणाले. "त्याला पुन्हा आवक नंबर पडेल, पुन्हा मला उत्तर द्यावं लागेल. तोंडी सांगितलंत, पुरे."

मास्तर हसले. मीही हसले. त्यांचा नंबर तेव्हाही तासाभराने लागला. वाट बघणं काही संपलं नाही, ते आजही संपलेलं नाही. पण आधी आलेला बसून राहिला आणि मागून आलेला गेला, असं पुन्हा झालं नाही.

माझी ऑर्डर निघाली. पुढेही निघत राहिली, आणि बऱ्याच वर्षांनी मी कायम झाले. त्या बाकावरच्या लोकांशी मी आधीसारखीच बोलायची, पण संध्याकाळी त्यांची नावं घेणं मात्र बंद झालं. का ते नीट सांगता येत नाही. रागही नव्हता. बहुतेक त्या दिवशी मला कळलं होतं की ती माणसं माझी नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही. ती वाट बघायला आलेली होती. मी दारात उभी होते, एवढंच आमचं नातं.

भाऊसाहेबांचे आभार मी कधी मानले नाहीत. दोनदा ऑफिसात गेले, दोन्ही वेळा ते म्हणाले, "काय काम आहे? नसेल तर दार ओढून घ्या." ते रिटायर झाले तेव्हा समारंभ झाला, मी मागे उभी होते. हार घालायला रांग होती आणि माझा नंबर येईपर्यंत ते उठून गेले होते. पुढे एकदा मी हेंद्रेपाड्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. हातात केळी होती. मग वाटलं, आपण कोण म्हणून सांगणार, त्यांना आठवत तरी असेल का, आणि तशीच परत फिरले. ती केळी मी एकटीनेच खाल्ली.

मध्यंतरी औषधाच्या खिडकीवर कळलं, त्यांची तब्येत चांगली आहे, अजून स्वतः बाजारात जातात, भाजीवाल्यांशी भांडतात. ऐकून बरं वाटलं. देव करो, असंच राहो. पण माणूस म्हातारा होतो. पुढे माझी ड्युटी वॉर्डात लागली, आणि इतक्या वर्षांत मला एकच काम चांगलं येऊ लागलंय: आजारी माणसाला दुखू न देता कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर न ओढता बदलायची. ज्या दिवशी त्यांना त्याची गरज लागेल, त्या दिवशी मी त्या गल्लीच्या तोंडाशी थांबणार नाही. भाऊसाहेब दार ओढून घ्यायला सांगोत की आणखी काही बोलोत, मी आत जाईन, आणि जितके दिवस लागतील तितके दिवस राहीन.